वॉर्डातील अनुभवाची मननपर नोंद : एका कच्च्या टिपणाचे भाषिक परीक्षण

१

वैद्यकीय शिक्षणात अलीकडे एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. वॉर्डात उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या अनुभवातील एखादा प्रसंग निवडावा आणि तो लॉगबुकात चार मथळ्यांखाली लिहून काढावा, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. काय घडले याचे वर्णन, त्या वेळच्या भावना, घडलेल्या गोष्टीचे विश्लेषण आणि पुढील शिक्षणाची योजना हे ते चार मथळे होत. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २०१९ च्या पदवीपूर्व शिक्षणविषयक नियमांनी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला आणि वॉर्डातील उमेदवारीला त्यात निश्चित स्थान दिले. तेव्हापासून आपल्याकडील महाविद्यालयांतही या नोंदी मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जाऊ लागल्या आहेत.

या आराखड्याचे मूळ इंग्लंडमधील आहे. ऑक्सफर्ड येथील शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली जे मननचक्र मांडले, त्यात सहा टप्पे होते : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना. चार मथळ्यांच्या रूपात मूल्यमापन व निष्कर्ष हे दोन टप्पे विश्लेषणाच्या पोटात गेले. ही काटछाट सोयीची खरी, परंतु तिचा एक परिणाम असा की प्रसंगात बरे काय झाले, हे विचारणारा स्वतंत्र मथळाच उरला नाही. त्यामुळे नोंद केवळ चुकांच्या कबुलीकडे झुकते. या परिणामाचा विचार पुढे ओघाने येईल.

प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराच्या शैक्षणिक फलिताविषयी काही सांगण्याचा हेतू नाही. तो वैद्यकीय शिक्षणशास्त्राचा प्रांत आहे. भाषेच्या अभ्यासकाला येथे वेगळाच प्रश्न दिसतो. घाईघाईने खरडलेल्या चार ओळींचे टिपण जेव्हा चार मथळ्यांच्या सुबक नोंदीत रूपांतरित होते, तेव्हा त्या रूपांतरात काय टिकते आणि काय गळून जाते? माझे प्रतिपादन असे आहे की जे गळते ते बहुधा सर्वांत मोलाचे असते, ते विशिष्ट व्याकरणिक वाटांनीच गळते, आणि म्हणून ते ओळखता येते व थांबवताही येते.

लॉगबुकातील नोंदी बहुतांशी इंग्रजीत लिहिल्या जातात, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु रुग्णाशी झालेले बोलणे मराठीत असते, कच्चे टिपण मिश्र भाषेत असते, आणि अनुभवाचा अर्थ लावण्याचे पहिले काम बहुधा मनातल्या भाषेतच होते. शिवाय ज्या पळवाटा येथे दाखवावयाच्या आहेत, त्यांपैकी बऱ्याच इंग्रजीतही त्याच जागी आढळतात. मराठीत त्या अधिक स्पष्ट दिसतात, एवढेच.

२

परीक्षणासाठी पुढील नमुना मुद्दाम रचला आहे. तो कोणा एका विद्यार्थिनीचा अथवा रुग्णालयाचा नाही. परंतु त्यातील घटनाक्रम वैद्यकीय दृष्ट्या अगदी नित्याचा आहे. स्त्रियांच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या खिशातील वहीत पुढील टिपण आहे, असे समजावे :

‘खाट ११. आजी. मधुमेह, बीपी. सोनोग्राफी, उपाशी. ९.४० – वीकनेस. खायला मागतात. हात ओला, थरथर नाही. राउंड सुरू, घाई. १०.०५ – सिस्टरनी हाक मारली. घामाने भिजलेल्या, नीट बोलत नाहीत. साखर ४४!! डेक्स्ट्रोज. शुद्धीवर. सकाळी इन्सुलिन दिले होते. आजी : मागितलं होतं की गं पोरी.’

वैद्यकाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. जेवणापूर्वी दिले जाणारे साधे इन्सुलिन टोचल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने काम करू लागते आणि दोन ते चार तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो. म्हणून ते दिल्यावर अर्ध्या तासात रुग्णाने खाल्ले पाहिजे. येथे साडेसात वाजता इन्सुलिन दिले गेले, आणि पोटाच्या सोनोग्राफीसाठी रुग्णाला उपाशी ठेवण्यात आले. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली ती गंभीर होय. घाम, थरथर, धडधड आणि भूक ही आरंभीची लक्षणे. पुढे बोलण्यात विसंगती व गुंगी येते. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर पंधरा ते वीस ग्रॅम ग्लुकोज तोंडाने देऊन पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहतात. गुंगी आली असेल तर शिरेतून द्यावे लागते. पंचवीस टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजचे शंभर मिलिलिटर म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर.

आता याच टिपणावरून तयार झालेली नोंद पाहू. अशा नोंदी ज्या वळणाच्या असतात, त्या वळणाचीच ही आहे :

‘वर्णन : मधुमेहाच्या एका वृद्ध रुग्णाला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवण्यात आले होते. इन्सुलिन देण्यात आले होते व नाश्ता राहून गेला. रुग्णाने अशक्तपणाची तक्रार केली. नंतर रुग्णाची साखर ४४ असल्याचे आढळून आले. तातडीने उपचार करण्यात आले व रुग्ण बरा झाला.

भावना : मला वाटले की रुग्णाला साधा अशक्तपणा असावा. नंतर मला फार वाईट वाटले.

विश्लेषण : निष्काळजीपणामुळे व संवादाच्या अभावामुळे हा प्रसंग घडला. रुग्णाच्या तक्रारीकडे गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे.

योजना : यापुढे मी रुग्णांची अधिक काळजी घेईन व मधुमेहाचा अधिक अभ्यास करीन.’

या नोंदीत खोटे असे एकही वाक्य नाही. शुद्धलेखनही निर्दोष आहे. परीक्षक तिला बरे गुणही देईल. तरीही टिपणाच्या चार ओळींत जे ज्ञान होते, ते या नोंदीत उरलेले नाही.

३

प्रथम वर्णन घेऊ. या परिच्छेदात पाच वाक्ये आहेत. त्यांतील एका वाक्याचा कर्ता ‘रुग्ण’ आहे. बाकी कृतींना कोठेही कर्ता नाही. ‘ठेवण्यात आले’, ‘देण्यात आले’, ‘आढळून आले’, ‘करण्यात आले’ या रचनांत कृती आहे, पण ती करणारा माणूस नाही. केसपेपरात ही रचना शोभते, कारण तेथे कोणी दिले यापेक्षा काय दिले व केव्हा दिले हे महत्त्वाचे असते. मननपर नोंदीत मात्र ‘कोणी’ हाच प्रश्न असतो, कारण शिकायचे असते ते ‘मी’ला.

परंतु ‘देण्यात आले’ पेक्षाही विचार करण्याजोगा प्रयोग आहे तो ‘राहून गेला’ हा. मराठीतील ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने बनलेले हे संयुक्त क्रियापद न घडलेल्या गोष्टीला घडलेल्या गोष्टीचे रूप देते. ‘सिस्टरनी नाश्ता दिला नाही’ असे म्हटले तर लागलीच प्रश्न येतो की का दिला नाही. ‘नाश्ता राहून गेला’ म्हटले की नाश्ताच जणू आपल्या पायांनी मागे राहिला, आणि प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. येथे तर ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. नाश्ता राहून गेला नव्हता; तो मुद्दाम थांबवला होता, आणि तसे करणे सोनोग्राफीच्या दृष्टीने योग्यच होते. अयोग्य होते ते त्याच वेळी इन्सुलिनचा नेहमीचा डोस चालू राहणे. ‘राहून गेला’ या दोन शब्दांनी प्रसंगाचे मर्मच झाकले गेले.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. ‘रुग्णाने अशक्तपणाची तक्रार केली.’ आजी काय म्हणाल्या होत्या? विद्यार्थिनीला विचारले असता ती सांगते : “हातपाय गळाल्यागत झालंय बघ आत्ताच. जरा खायला मिळंल का?” या दोन वाक्यांत तीन गोष्टी आहेत : हातापायांतील बळ जाणे, ते नुकतेच जाणे, आणि भूक. ‘अशक्तपणा’ या शब्दात पहिली आहे, दुसरी नाही. अशक्तपणा महिन्यापासूनचाही असू शकतो. ‘आत्ताच’ या क्रियाविशेषणाने त्याला घड्याळावर आणून ठेवले होते. टिपणातील ‘वीकनेस’ या शब्दानेच ही काळाची खूण पुसली, आणि नोंदीने ते पुसणे कायम केले.

तिसरी गोष्ट भुकेची. ‘खायला मिळंल का’ हे वाक्य रूपाने प्रश्न आहे, हेतूने विनंती आहे. विद्यार्थिनीने विनंतीला उत्तर दिले : सोनोग्राफी झाल्यावर मिळेल. उत्तर नियमाला धरून होते. परंतु ज्या रुग्णाला दोन तासांपूर्वी इन्सुलिन दिले आहे, त्याच्या तोंडी हेच वाक्य लक्षणही असते. ऐकणाऱ्याने वाक्याचा एक उपयोग ओळखला आणि दुसरा सोडला. पूर्ण झालेल्या नोंदीत मात्र ही विनंतीच नाही. ‘मागितलं होतं की गं पोरी’ हे आजींचे शेवटचे वाक्यही नाही. टिपणातील हे वाक्य अनावश्यक वाटून गाळले गेले असावे. वस्तुतः संपूर्ण प्रसंगाचे सर्वांत अचूक विश्लेषण त्या एका वाक्यात आहे. आजींनी ते रागाने म्हटले नव्हते, हे ‘पोरी’ या संबोधनावरून दिसते, आणि म्हणूनच ते विसरणे कठीण असावे.

वर्णनाविषयी एक सूचना आणखी करावीशी वाटते. जे मी पाहिले, जे मी ऐकले आणि जे मागाहून कळले, या तिन्हींचे भूतकाळी रूप नोंदीत सारखेच आहे. ‘इन्सुलिन देण्यात आले होते’ हे विद्यार्थिनीला ९.४० ला ठाऊक होते की १०.०५ ला कळले? यावर सर्व विश्लेषण अवलंबून आहे. ठाऊक होते तर प्रश्न ज्ञानाच्या उपयोगाचा. ठाऊक नव्हते तर प्रश्न चार्ट न पाहण्याचा. ‘मला १०.०५ नंतर कळले की’ एवढे पाच शब्द घातले की संदिग्धता फिटते.

४

‘भावना’ या मथळ्याखालील घोटाळा मराठीच्या एका क्रियापदाने निर्माण केला आहे. ‘वाटणे’ हे क्रियापद भावना आणि मत या दोहोंसाठी चालते. ‘मला भीती वाटली’, ‘मला लाज वाटली’ यांत भावना आहे. ‘मला वाटले की रुग्णाला अशक्तपणा असावा’ यात भावना नाही. तो निदानाचा अंदाज आहे, आणि त्याची जागा विश्लेषणात आहे. कसोटी सोपी आहे. ‘वाटणे’ या क्रियापदापूर्वी भाववाचक नाम असेल तर ती भावना. पुढे ‘की’ आला तर ते मत. अशा नोंदी तपासू गेल्यास, भावनांच्या मथळ्याखालील बरीच वाक्ये या ‘की’च्या पलीकडची निघतात.

उरते ते ‘फार वाईट वाटले’. हे खरे असेल, पण ते १०.०५ नंतरचे आहे. प्रसंगाला वळण देणारी भावना ९.४० ची होती. त्या वेळी काय वाटत होते? टिपणात ‘घाई’ हा एकच शब्द आहे आणि तो नोंदीत आलेला नाही. राउंड सुरू झाला होता, वरिष्ठ पुढच्या खाटेकडे सरकत होते, मागे राहिल्यास बोलणी बसण्याची धास्ती होती. आणि हात थरथरत नाही हे पाहून चक्क हायसे वाटले होते, कारण आता पुढे जायला हरकत नव्हती. ही सुटकेची भावना कोणी सहसा लिहीत नाही. ती लाजिरवाणी नसून उपयोगाची आहे, कारण तिनेच तपासणी अर्ध्यावर थांबवली.

मराठीत भावनेचा अनुभव घेणारा बहुधा कर्ता नसतो. ‘मला राग आला’, ‘मला हायसे वाटले’ असे आपण चतुर्थीत बोलतो, आणि भावना बाहेरून आल्यासारखी दिसते. या रचनेत एक सोय आहे. भावनेबद्दल दोष न घेता ती नमूद करता येते. परंतु नमूद करून तेथेच थांबले तर भावना शोभेची उरते. ‘हायसे वाटले’ यानंतर ‘म्हणून मी पुढे गेले’ हे वाक्य आले पाहिजे. चतुर्थीतल्या ‘मला’ पासून कर्तरि ‘मी’ पर्यंत येणे, हेच या मथळ्याचे काम आहे.

५

विश्लेषणाच्या परिच्छेदाचा सारा भार ‘निष्काळजीपणा’ आणि ‘अभाव’ या दोन नामांवर आहे. ‘-पणा’ने शेवट होणारे नाम आणि त्यापुढे ‘मुळे’ हे कारणवाचक शब्दयोगी अव्यय, ही जोडी अशा नोंदींत पुनःपुन्हा भेटते. तिच्यात कारणाचा आकार आहे, कारण नाही. चूक झाली ती निष्काळजीपणामुळे, आणि निष्काळजीपणा होता हे कशावरून, तर चूक झाली यावरून. हे वर्तुळ आहे. त्यातून बाहेर पडण्याचा उपाय असा की प्रत्येक ‘-पणा’ मोडून त्याचे क्रियापद करावे आणि विचारावे : कोणी, काय, केव्हा केले नाही, आणि त्या क्षणी ते न करणे त्याला योग्य का वाटले?

असे केल्यास नमुन्यातील प्रसंगाची तीन कारणे हाती लागतात. पहिले वॉर्डाच्या व्यवस्थेचे. उपाशी ठेवण्याची सूचना आदल्या संध्याकाळी निवासी डॉक्टरांनी लिहिली. इन्सुलिन सकाळी रात्रपाळीच्या सिस्टरनी नेहमीच्या चार्टप्रमाणे दिले. दोन्ही आज्ञा दोन कागदांवर होत्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाकडेही नव्हते. दोघांनीही आपापले काम चोख केले. ‘संवादाचा अभाव’ या शब्दांनी हे कळत नाही. उलट कोणीतरी बोलायचे टाळले असा ग्रह होतो.

दुसरे कारण ज्ञानाचे. आजींना रक्तदाबासाठी एटेनोलोल चालू होते. त्या वर्गातील औषधे साखर उतरल्यावर होणारी थरथर व धडधड दाबून टाकतात. घाम मात्र येतोच. विद्यार्थिनीने थरथर पाहिली आणि ती नाही म्हणून निश्चिंत झाली. ओला हात तिने पाहिला होता, टिपलाही होता. त्याचा अर्थ तिने उकाड्याशी जोडला. म्हणजे निरीक्षण बरोबर होते, अनुमान चुकले. येथेच मूल्यमापनाचा गळालेला टप्पा आठवतो : हात हातात घेऊन पाहणे आणि जे दिसले ते लिहून ठेवणे, हे या प्रसंगात चांगले झाले होते. ‘निष्काळजीपणा’ या शब्दाने तेही पुसले गेले. मुळात जी विद्यार्थिनी निष्काळजी असती तिच्या वहीत ‘हात ओला’ हे शब्द आलेच नसते.

तिसरे कारण भाषेचे, ते वर आलेच आहे. ‘आत्ताच’ गाळला गेला आणि भूक केवळ विनंती म्हणून ऐकली गेली.

योजनेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘अधिक काळजी घेईन’, ‘अधिक अभ्यास करीन’ या वाक्यांतील ‘अधिक’ हा शब्द कशाहून अधिक हे सांगत नाही, आणि ‘-ईन’ हा प्रत्यय कधी हे सांगत नाही. योजनेचे प्रत्येक वाक्य विश्लेषणातील एका कारणाला उत्तर असले पाहिजे. ज्याला कारण सापडत नाही ते वाक्य काढून टाकावे, आणि ज्या कारणाला उत्तर नाही त्याच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. कारण सर्वच गोष्टी विद्यार्थ्याच्या हाती नसतात. दोन कागद एकत्र आणण्याची व्यवस्था ती बदलू शकत नाही. ती एवढेच ठरवू शकते की ही गोष्ट कोणाला सांगायची.

६

वरील विवेचनाच्या आधारे तीच नोंद पुन्हा लिहिली तर ती अशी होईल :

‘वर्णन : मधुमेह व रक्तदाब असलेल्या एका वृद्ध बाईंचा इतिहास मी सकाळी ९.४० ला घेत होते. त्या सोनोग्राफीसाठी उपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “हातपाय गळाल्यागत झालंय बघ आत्ताच. जरा खायला मिळंल का?” मी सांगितले, सोनोग्राफीनंतर मिळेल. मी त्यांचा हात पाहिला. तो ओला होता, थरथरत नव्हता. मी “वीकनेस” असे लिहिले आणि राउंडबरोबर पुढे गेले. १०.०५ ला सिस्टरनी हाक मारली. बाई घामाने भिजल्या होत्या व विसंगत बोलत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ४४ होती. निवासी डॉक्टरांनी पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोज शंभर मिलिलिटर शिरेतून दिले. दहा मिनिटांत त्या नीट बोलू लागल्या. साडेसातला त्यांना इन्सुलिन दिले होते, हे मला त्यानंतर चार्ट पाहून कळले. बाई मला म्हणाल्या, “मागितलं होतं की गं पोरी.”

भावना : ९.४० ला मला राउंडमध्ये मागे पडण्याची धास्ती वाटत होती. थरथर नाही हे पाहून मला हायसे वाटले, म्हणून मी चार्ट न उघडता पुढे गेले. १०.०५ ला भीती वाटली. बाईंच्या शेवटच्या वाक्याने लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

विश्लेषण : मी हात पाहिला व घाम टिपला, हे बरोबर झाले. पण घामाचे कारण मी उकाडा मानले, कारण थरथर नसली की साखर उतरलेली नाही असे मी समजत होते. बाई एटेनोलोल घेत होत्या. त्याने थरथर दबते, घाम दबत नाही, हे मला ठाऊक नव्हते. “आत्ताच” हा शब्द मी ऐकला पण लिहिला नाही. भुकेला मी विनंती समजले, लक्षण समजले नाही. उपाशी ठेवण्याची सूचना व इन्सुलिनचा चार्ट वेगवेगळ्या कागदांवर होते. ते एकत्र पाहण्याचे काम कोणाला नेमून दिलेले नव्हते.

योजना : या पाळीचे उरलेले दोन आठवडे माझ्याकडील मधुमेही रुग्णांपैकी उपाशी कोण आहेत व त्यांच्या इन्सुलिनचे काय ठरले आहे, हे मी रोज सकाळी सात वाजता सिस्टरांबरोबर पाहणार आहे. तक्रारीची पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांत, वेळेसह लिहिणार आहे. सिस्टरांच्या देखरेखीखाली पाच वेळा ग्लुकोमीटरने साखर मोजून लॉगबुकात सही घेणार आहे. साखर उतरल्याची लक्षणे कोणत्या औषधांनी झाकली जातात, हे वाचून शुक्रवारच्या चर्चेत दहा मिनिटांत मांडणार आहे. दोन कागदांचा प्रश्न माझ्या हातातला नाही. तो मी युनिटप्रमुखांना सांगितला आहे.’

ही नोंद पहिलीपेक्षा लांब आहे, परंतु तिची लांबी अलंकाराची नाही. तीत एकही ‘-पणामुळे’ नाही आणि योजनेत ‘अधिक’ हा शब्द नाही. खाटेचा क्रमांक काढला आहे, कारण नोंद अनेकांच्या हाती जाते आणि रुग्णाची ओळख पटता कामा नये. आजींचे शब्द ठेवले आहेत, कारण ते ओळख पटवीत नाहीत आणि प्रसंगाचा अर्थ त्यांच्यातच आहे.

७

या पद्धतीला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा तथ्यनोंदीची. ब्रिटनमधील वैद्यकीय संस्थांनी २०१८ साली संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शनात असे सुचवले आहे की मननपर टिपणात शिक्षणावर भर द्यावा, रुग्णाची ओळख ठेवू नये आणि घटनेचा तपशीलवार वृत्तान्त त्याच्या योग्य जागी, म्हणजे अन्य दप्तरात नोंदवावा. हे रास्त आहे. प्रस्तुत लेखातील वर्णन या दृष्टीने काहीसे भरगच्च वाटेल. परंतु तपशील आणि वृत्तान्त यांत फरक केला पाहिजे. ज्या तपशिलावर विश्लेषणातील एखादे वाक्य उभे आहे तो ठेवावा. बाकीचा केसपेपरात राहू द्यावा. ‘हात ओला’ ठेवायचा, सोनोग्राफीचा निकाल नाही.

दुसरी मर्यादा अधिक कठीण आहे. ज्या नोंदीला गुण मिळतात तिच्यात विद्यार्थी परीक्षकाला हवी ती भावना लिहू लागतो, आणि पश्चात्तापाची भाषा फार लवकर शिकता येते. व्याकरणाच्या कसोट्यांनी खरा पश्चात्ताप ओळखता येत नाही. ‘मला हायसे वाटले’ हे वाक्यही उद्या साच्यात बसेल. या कसोट्या एवढेच दाखवतात की वर्णनातील कोणता क्षण विश्लेषणाने उचलला आणि विश्लेषणातील कोणत्या कारणाला योजनेने उत्तर दिले. परीक्षकाने गुण द्यायचे असतील तर या सांध्यांना द्यावेत, भावनेच्या तीव्रतेला देऊ नयेत. सांधा कागदावर दिसतो. मन दिसत नाही.

आणि कच्चे टिपण फाडून टाकू नये. नोंद तपासताना ते शेजारी असावे. टिपणात असलेला कोणता शब्द नोंदीत नाही, हे शोधायला पाच मिनिटे लागतात. वरील नमुन्यात ते शब्द होते ‘घाई’, ‘ओला’ आणि ‘मागितलं होतं’. परीक्षकाने विद्यार्थिनीला विचारायचा प्रश्न तेवढाच आहे : हे तीन शब्द कुठे गेले?